पाच लिटर पाणी, चार कप ग्रीन टी आणि संध्याकाळची डोकेदुखी

नमस्कार मॅडम, मी ४३ वर्षांची, राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडी. पाच आठवड्यांपूर्वी वजन ७६ किलो होतं, जिम लावलं. ट्रेनर म्हणाला रोज पाच लिटर पाणी प्या, चरबी फ्लश होते, तेव्हापासून पाच लिटर पितेय. सकाळी अनशापोटी गरम पाणी लिंबू मध, दिवसात चार ग्रीन टी. चहा-कॉफी बंद केली कारण त्याने डिहायड्रेशन होतं असं कळलं. मीठ जवळपास बंद, दुपारी सॅलड आणि रात्री दुधीचं सूप. पहिल्या आठवड्यात २ किलो गेले, पण नंतरच्या चार आठवड्यांत फक्त दीड! रोज संध्याकाळी डोकं दुखतं, थोडं मळमळतं, बोटातली अंगठी घट्ट होते, रात्री तीनदा उठावं लागतं. ट्रेनर म्हणतो हे डिटॉक्स आहे, अजून पाणी वाढवा आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल चालू करा. बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी काही नाही. माझं नेमकं काय चुकतंय?
— एक वाचक

ताई, वजनाचं नंतर बोलू, आधी ती डोकेदुखी, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते शेवटी शेवटी लिहिलंय.

चहा-कॉफी सोडली की डोकं दुखतं हे खरंय, पण ते सोडल्यापासून साधारण एका दिवसात सुरू होतं आणि फार तर आठ-नऊ दिवसांत थांबतं. तुम्हाला पाच आठवडे झालेत, त्यामुळे चहाचा त्यात काही संबंध नाही. आणि डिटॉक्स म्हणून डोकं दुखतं असं काही नसतं, शरीरातला कचरा काढायचं काम लिव्हर आणि किडनी रोजच करतात, त्यासाठी मळमळ व्हायची गरज नाही. मला शंका येतेय ती वेगळीच, की तुमच्या रक्तातलं सोडियम खाली आलं असावं.

आपल्याला वाटतं किडनी म्हणजे नळ, जेवढं वरून ओतू तेवढं खालून जाईल. तसं नाहीये ते. किडनी नुसतं पाणी बाहेर टाकू शकत नाही, प्रत्येक लिटर लघवीसोबत तिला थोडे क्षार आणि थोडा युरिया टाकावाच लागतो, आणि हे दोन्ही येतात कुठून तर आपल्या जेवणातून, मीठातून आणि डाळ, दूध, अंडी यांच्या प्रोटीनमधून. नीट जेवणाऱ्या निरोगी माणसाची किडनी दिवसभरात दहा-बारा लिटर पाणीसुद्धा बाहेर काढू शकते. पण तुम्ही मीठ बंद केलं, दुपारी सॅलड, रात्री दुधीचं सूप, म्हणजे किडनीला पाण्यासोबत टाकायला काही उरलंच नाही, आणि अशा जेवणावर तीच मर्यादा चार-पाच लिटरपर्यंत खाली येऊ शकते. तुम्ही बरोबर तिथेच उभ्या आहात. जास्तीचं पाणी आत राहिलं की रक्त पातळ होतं, सोडियम खाली येतं, मग डोकं जड, मळमळ, बोटं सुजल्यासारखी. आणि यातला खरा धोका असा की पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं आणि जास्त झालं तरी दुखतं, त्यामुळे माणूस अजून एक बाटली पितो आणि आणखी बिघडतं.

आता ती बीपीची गोळी. पत्रात तुम्ही तिला "बाकी काही नाही" म्हणून सोडून दिलंय पण मला तीच पहिली बघायचीय. घरी गेल्यावर स्ट्रिप उलटी करून नावं वाचा. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही लिहिलं असेल, बऱ्याच जणांच्या गोळीत नावापुढे एक एच जोडलेला असतो तो बहुतेक वेळा याचाच, तर ती लघवी वाढवणारी गोळी आहे आणि तिच्यामुळे सोडियम खाली यायची शक्यता आणखी वाढते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे अगदी कळकळीने सांगते. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना उद्याच फोन करा, हे सगळं सांगा आणि सीरम इलेक्ट्रोलाइट्सची रक्ततपासणी करून घेऊ का विचारा. साधी टेस्ट आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते, सोडियम १३५ ते १४५ च्या मध्ये असायला हवं. रिपोर्ट येईपर्यंत पाणी दोन-सव्वादोन लिटरवर आणा आणि जेवणात वरण, दही, भाजी नेहमीच्या चवीची घ्या. बीपी आहे म्हणून मीठ कमी हवं हे बरोबर, पण कमी म्हणजे दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, साधारण एक सपाट चमचा, शून्य नाही. आणि मध्येच उलट्या व्हायला लागल्या, खूप गुंगी आली, बोलताना गोंधळ व्हायला लागला, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं, घरच्यांनाही हे आजच सांगून ठेवा.

बरं, आता चरबी "फ्लश" होण्याबद्दल. ही कल्पना कुठून आली असेल ते मला समजतं, तेलकट कढईवर गरम पाणी ओतलं की तेल सुटतं, आपण रोज सिंकमध्ये बघतो, मग पोटातही तसंच होत असणार असं वाटणं साहजिक आहे. पण प्यायलेलं पाणी चरबीच्या पेशीवरून वाहतच नाही, आणि पेशीतली चरबी ३७ डिग्रीला आधीच पातळ असते, तिला वितळवायचं काही शिल्लक नाहीये. चरबी जाते ती जळून. २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचं छान गणित आलं होतं, १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जाते आणि फक्त १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे कमी झालेली बहुतेक चरबी आपण नाकावाटे सोडतो. आणि ती जळते कधी, तर खर्चापेक्षा खाणं कमी पडलं की. त्या कमतरतेच्या जागी पाणी उभं राहू शकत नाही, मग ते दोन लिटर असो की पाच.

मग पहिल्या आठवड्यात २ किलो कसे गेले? ते बहुतेक पाणी होतं ताई. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये मिळून चारेकशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की हा साठा बराचसा रिकामा होतो आणि पाण्यासकट दीड किलोपर्यंत वजन उतरतं. वर मीठ बंद केलं, त्याचं वेगळं. सलाइनच्या बाटलीत एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, शरीरही साधारण त्याच हिशोबाने पाणी धरतं, म्हणजे पाच ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं की अर्धा लिटर पाणी थांबलं, तेवढं कमी झालं की अर्धा लिटर सुटलं. रविवारी मिसळ खाऊन सोमवारी काटा किलोभर वर दिसतो तो यामुळेच, आणि पाळीच्या आधीही असंच चढतं. हे लक्षात आलं ना की काट्याची भीती अर्धी कमी होते.

आणि नंतरचा दीड किलो, ज्याला तुम्ही "फक्त" म्हणताय, तो बहुतेक खऱ्या चरबीचा आहे. चार आठवड्यांत दीड किलो म्हणजे आठवड्याला ३७५ ग्रॅम. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, त्या हिशोबाने तुम्ही रोज चारशेच्या आसपास कॅलरी कमी खाताय किंवा जास्त खर्च करताय. बीपी असलेल्या, रोज हिंजवडी गाठणाऱ्या बाईसाठी हा चांगला वेग आहे. काही अडलेलं नाहीये. हा ४०० चा आकडा मात्र लक्षात ठेवा, चहाचा हिशोब त्यावरच करायचाय.

तर आता चहा-कॉफी. कॉफीने डिहायड्रेशन होतं ही समजूत इतकी पक्की बसलीय की लोक कॉफी प्यायली की भरपाई म्हणून एक ग्लास पाणी पितात. कॅफिनने लघवीला थोडं जास्त होतं पण ज्याला रोजची सवय आहे त्याचं शरीर जुळवून घेतं, आणि कपात शेवटी पाणीच असतं. २०१४ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये आलेल्या एका प्रयोगात रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज २०० मिलीचे चार मग कॉफी दिली, मग तेवढंच पाणी दिलं, शरीरातलं एकूण पाणी दोन्ही वेळा सारखंच भरलं. म्हणजे तुमचा कप दिवसाच्या पाण्यात मोजायचा, वजा नाही करायचा. कॅफिनने चरबी थोडी जास्त जळते का तर हो, काही तास अगदी थोडी, आणि सवय झाली की तेही कमी होतं, त्यासाठी कोणी कॉफी सुरू करावी असं मी सांगणार नाही.

प्रश्न कपातल्या पाण्याचा नाही, दुधाचा आणि साखरेचा आहे. १०० मिली टोन्ड दुधाच्या साठेक कॅलरी आणि दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅमच्या ४०, झाल्या शंभर. दिवसाला असे तीन कप म्हणजे ३००. आणि तुमची रोजची कमतरता आहे चारशेची! म्हणून ग्रीन टीवर आल्यावर लोकांचं वजन उतरतं, ग्रीन टी चमत्कार करतो म्हणून नाही तर तीन कप साखरेचा चहा गेला म्हणून. तिथे साधं पाणी प्यायलं असतं तरी तेवढंच उतरलं असतं. ग्रीन टीवर प्रयोग बरेच झालेत, २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ते सगळे एकत्र तपासले तेव्हा वजनातला फरक इतका किरकोळ निघाला की त्याला काही महत्त्व देता येईना. आवडत असेल तर प्या, चांगलं पेय आहे. नाक मुरडून, औषध म्हणून पीत असाल तर सोडून द्या, काही गमावणार नाही.

कॅप्सूल मात्र नको, अजिबात नको. कपातला ग्रीन टी आणि त्याचा अर्क भरलेली कॅप्सूल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून ईजीसीजी नावाचा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर लिव्हरवर ताण आल्याच्या खुणा रक्तात दिसतात. किरकोळ फायद्यासाठी लिव्हर पणाला लावायचं नाही.

पण हे चार कप तुम्ही कधी पिताय ते मला माहीत नाही आणि तिथे एक गोष्ट खरंच बदलते, ती म्हणजे लोह. चहा, कॉफी, ग्रीन टी सगळ्यात टॅनिन असतात, ते जेवणातलं लोह धरून ठेवतात आणि आतड्याला नीट घेऊ देत नाहीत. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, २०२४ च्या आहार मार्गदर्शनात सांगितलंय की जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको. शाकाहारी जेवणातलं लोह आधीच कमी शोषलं जातं, त्यात पाळी चालू असलेल्या बायका, आणि ऑफिसमध्ये डबा संपला की लगेच "डायजेशनसाठी" ग्रीन टीची पिशवी कपात. मग सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन कमी निघतं, दम लागतो, आणि दोष डाएटवर जातो.

लिंबाचं याच्या बरोबर उलट आहे. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, त्यामुळे सकाळी अनशापोटी पाण्यात पिळलेल्या लिंबापेक्षा दुपारी मेथीच्या भाजीवर, मटकीच्या उसळीवर, वरणभातावर पिळलेलं लिंबू जास्त कामाचं. आपल्या ताटात डावीकडे मिठाशेजारी लिंबाची फोड असते ती उगाच नाही. सकाळचं लिंबूपाणी वाईट नाही हो, अर्ध्या लिंबात चार-पाच कॅलरी, चव येते, पाणी जातं. पण त्याने चरबी कापली जात नाही. मधाचे दोन छोटे चमचे म्हणजे चाळीसेक कॅलरी, त्या साखरेसारख्याच धरा. आणि लिंबूपाणी प्यायल्यावर लगेच ब्रश करत असाल तर तो अर्धा तास पुढे ढकला, आंबटाने दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ झालेला असतो तो घासला जातो.

मग पाणी प्यायचं किती आणि त्याचा वजनासाठी काहीच उपयोग नाही का? एक उपयोग आहे, छोटा पण खरा. जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी, म्हणजे मोठे दोन ग्लास. २०१० मध्ये अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या लोकांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला, दोन्ही गटांना सारखंच कमी कॅलरीचं खाणं सांगितलं होतं, जे जेवणाआधी पाणी प्यायले त्यांचं साधारण दोन किलो जास्त उतरलं. २०१५ मध्ये बर्मिंगहॅमला असाच प्रयोग झाला तेव्हा फरक सव्वा किलोच्या आसपास आला. पोट थोडं भरतं, एक पोळी कमी जाते, एवढंच त्यामागे. तरुणांमध्ये हा परिणाम इतका नीट दिसत नाही कारण त्यांचं पोट लवकर रिकामं होतं. तुम्ही मधल्या वयात आहात, थोडा फायदा होईल, पण हे अर्धा-अर्धा लिटर दिवसाच्या एकूण पाण्यातलं, वरचं नाही, आणि सोडियमचा रिपोर्ट चांगला आला की मगच.

तुमच्यासाठी दिवस साधारण असा धरा, सकाळी एक ग्लास, मग एक कप चहा, ऑफिसला पोचल्यावर एक ग्लास, डब्याआधी दोन, दुपारी ताक, संध्याकाळी घरी आल्यावर एक, रात्रीच्या जेवणाआधी दीड-दोन, आणि आठ-साडेआठनंतर फक्त घोट घोट. दोन-सव्वादोन लिटर सहज होतं, त्यात वरण, भाजी, फळं यातलं पाणी वेगळं. रात्री तीनदा उठणं थांबलं की झोप लागेल, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते हे तुम्ही अनुभवलं असेलच. शेवटचा ग्रीन टी रात्रीचा असेल तर तोही दुपारी चारच्या आत आणा, कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात.

पुरेसं झालं की नाही हे बाटलीवर नाही, लघवीच्या रंगावर बघायचं. फिकट लिंबू सरबतासारखी असेल तर बरोबर. सकाळची पहिली गडद असणारच, तिच्यावरून ठरवायचं नाही, आणि मल्टीव्हिटॅमिन घेत असाल तर ती भडक पिवळी होते त्यालाही घाबरायचं नाही. पण दिवसभर नळाच्या पाण्यासारखी पांढरी स्वच्छ असेल तर तुम्ही जास्त पिताय.

उन्हाळ्यात हा हिशोब बदलतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, वाळून जातो. वेताळ टेकडीला किंवा तळजाईला जात असाल तर एकदा निघताना आणि परत आल्यावर घाम पुसून, त्याच हलक्या कपड्यात वजन करा, लघवीला जायचं ते निघायच्या आधी. अर्धा किलो कमी भरलं तर अर्धा लिटर घाम गेला, तेवढं पाणी पुढच्या दोन-तीन तासांत वर घ्यायचं, सगळं एकदम घटाघटा नाही. वाटेत पाणी प्यायला असाल तर तेही घामाच्या आकड्यात मिळवा, नंतर प्यायच्या पाण्यात नाही. पावसाळ्यात हाच आकडा खूप कमी येईल.

आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या ताया, ज्यांचं तुमच्या बरोबर उलट आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हिंजवडी, चाकणला दीड-दीड तास बस किंवा कॅबमध्ये जाणाऱ्या कितीतरी जणी वाटेत टॉयलेट नाही म्हणून सकाळी सातपासून पाण्याला हातच लावत नाहीत, आणि डाएटवर असताना खाणं कमी झालं की जेवणातून येणारं पाणीही कमी होतं, मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, स्टोन. प्यायलेलं जास्तीचं पाणी साधारण एक-दोन तासांत बाहेर येतं, त्यामुळे उठल्या उठल्या एक ग्लास पिऊन घ्या म्हणजे निघेपर्यंत मोकळं होता येईल, बाकीचं पोचल्यावर, आणि ऑफिस सुटायच्या दीड तास आधी थांबा, उरलेलं घरी. ज्यांना किडनीचा किंवा हार्ट फेल्युअरचा त्रास आहे त्यांनी यातला एकही आकडा घ्यायचा नाही, त्यांचं पाणी त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

तर ताई, उद्या सकाळी आधी स्ट्रिपवरचं नाव आणि डॉक्टरांना फोन. सोडियम १३५ च्या खाली आलं तर ते सांगतील तसंच, पाणी किती आणि गोळी बदलायची का हे त्यांचं काम. नॉर्मल आलं आणि पाणी कमी केल्यावर आठवड्याभरात डोकं दुखायचं थांबलं तर कारण पाणीच होतं असं धरायला हरकत नाही. नाही थांबलं तर बीपी मोजा, चष्म्याचा नंबर तपासा, कारण वेगळं असेल. आणि चहा पुन्हा सुरू करा, सकाळचा एक, साखर अर्धा चमचा, दूध निम्मं, नाश्त्यापासून तासभर लांब.